एकाच जबाबात दोन नावे: एकाला फाशी, दुसरा सुटला

१२ फेब्रुवारी १९५६. नागपूरच्या गिरणी भागात रात्री नऊच्या सुमारास एका माणसावर तलवारी आणि भाल्यांनी हल्ला झाला. या भागात दोन टोळ्यांचे वैर जुने होते आणि जखमी त्यातल्या एका टोळीकडचा होता. त्याला मेयो रुग्णालयात आणले तेव्हा तो शुद्धीवर होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी काय झाले ते विचारले आणि ९ वाजून २५ मिनिटांनी त्याच्या केसपेपरवर नोंद केली: खुशाल आणि तुकाराम यांनी तलवार-भाल्याने मारले. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. ९.४५ ला फौजदार आला, त्याने जबाब घेतला. पुन्हा तीच दोन नावे. शेवटी प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांना बोलावण्यात आले. जखमी बोलण्याच्या स्थितीत असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून घेऊन त्यांनी ११.१५ ते ११.३५ या वीस मिनिटांत तिसरा जबाब नोंदवला. तिसऱ्यांदाही नावे तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस मेला.

हेच ते ‘खुशाल राव विरुद्ध मुंबई राज्य’ प्रकरण. (घटना घडली तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांची फेररचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला, म्हणून शीर्षकात मुंबई.) सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर १९५७ रोजी दिलेला हा निकाल मृत्युपूर्व जबाबाच्या चर्चेत आजही पहिल्यांदा काढला जातो. कायद्याचे विद्यार्थी त्यातली तत्त्वे पाठ करतात. मला मात्र त्यातला तुकाराम जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुतेक टिपणांमधून गळलेला असतो. मृताने तीन वेळा, सव्वादोन तासांच्या आत, दोघांचीही नावे घेतली. त्याच शब्दांवर खुशालची फाशी कायम झाली आणि तुकाराम सुटला. हे कसे झाले ते समजले की न्यायालये अशा जबाबाला का मानतात आणि मानताना इतकी का थबकतात, दोन्ही कळते.

आधी नियम. आपल्या पुरावा कायद्यात तोंडी पुरावा थेट असावा लागतो. ज्याने पाहिले त्याने कोर्टात येऊन सांगायचे. ‘मला अमक्याने सांगितले की तमक्याने मारले’ हा ऐकीव पुरावा, आणि तो चालत नाही. कारण ऐकणारा साक्षीदार खोटारडा असतो असे नाही. अडचण अशी की ज्याने मूळ गोष्ट पाहिली तो पिंजऱ्यात उभा नसतो. त्याने शपथ घेतलेली नसते, न्यायाधीशाला त्याचा चेहरा दिसत नसतो, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आरोपीच्या वकिलाला त्याची उलटतपासणी घेता येत नाही. अंधार होता की उजेड, किती अंतरावरून पाहिलेत, आधीपासून ओळखत होतात का, कोणी नाव सुचवले का, हे प्रश्न ज्याला विचारायचे तोच समोर नाही.

मेलेल्या माणसाच्या बाबतीत तो कधीच समोर येणार नाही. आणि खुनाच्या खटल्यात नेमका तोच अनेकदा एकमेव माणूस असतो ज्याने हल्लेखोराला पाहिले. त्याचे शब्द सरसकट नाकारले तर एकांतात, अंधारात खून करणाऱ्याला कायद्याने स्वतःच कवच दिल्यासारखे होईल. म्हणून १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये पहिलाच अपवाद हा ठेवला होता: मृत माणसाने स्वतःच्या मृत्यूच्या कारणाबद्दल, किंवा ज्या घटनाक्रमातून मृत्यू ओढवला त्यातल्या परिस्थितीबद्दल केलेले विधान पुराव्यात घेता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम २६ च्या खंड (क) मध्ये आहे.

या अपवादामागे दोन कारणे सांगितली जातात. एक वर आलेच, निकड. दुसरे म्हणजे मरणाच्या दारात माणूस खोटे बोलत नाही हा समज. इंग्लंडमध्ये १७८९ च्या वूडकॉक खटल्यात न्यायाधीशांनी हा विचार मांडला होता: या जगाची आशा संपलेली असते, खोटे बोलण्याचा हेतू उरत नाही, आणि त्या क्षणाचे गांभीर्य कोर्टातल्या शपथेइतकेच बांधून ठेवणारे असते. त्यामुळेच इंग्लंडच्या जुन्या नियमात बोलणाऱ्याला आपण आता वाचत नाही याची पक्की जाणीव असणे आवश्यक होते. आपल्या कायद्याने ही अट ठेवलीच नाही. कलमातच म्हटले आहे की विधान करताना मृत्यूची अपेक्षा होती की नव्हती याने फरक पडत नाही. म्हणजे भारतात हा अपवाद मुख्यतः निकडीवर उभा आहे, मरणासन्न माणसाच्या सत्यनिष्ठेवर नाही. आपण सगळे ‘मरता माणूस खोटे बोलत नाही’ हे वाक्य सहज वापरतो, निकालपत्रांतही ते येते. पण आपल्या कलमाची रचना पाहिली तर त्या वाक्यावर फार भार टाकता येत नाही. उद्या आपण बरे होऊन घरी जाऊ असे वाटणाऱ्या जखमीचे विधानही तो नंतर दगावला तर याच कलमाखाली येते, आणि त्याच्या मनात मृत्यूचे भय होते म्हणून तो खरे बोलला असे त्याच्याबद्दल म्हणता येत नाही.

आता नागपूरच्या खटल्याकडे. सरकार पक्षाकडे घटना पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार होते, पण टोळीयुद्धातले साक्षीदार जसे असतात तसेच ते होते, आणि त्यांच्या साक्षीवर शिक्षा उभी राहिली नाही. उरले ते तीन लेखी जबाब. सत्र न्यायालयाने खुशालला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. उच्च न्यायालयाला जबाबाला पूरक असे काहीतरी हवे होते आणि ते त्यांना खुशालच्या घटनेनंतरच्या वागण्यात, तो फरार राहण्यात आणि संशयास्पद स्थितीत पकडला जाण्यात सापडले. ही पूरक पुराव्याची गरज का वाटली? कारण १९५३ मध्ये राम नाथ माधोप्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले होते की केवळ मृत्युपूर्व जबाबावर, दुसऱ्या कशाची पुष्टी नसताना, दोषी ठरवणे सुरक्षित नाही. कारणे तीच: शपथ नाही, उलटतपासणी नाही.

खुशालच्या वकिलांनी हाच मुद्दा पुढे नेला. फरार होणे ही पुष्टी नव्हे, घाबरलेला निर्दोष माणूसही पळतो. तेव्हा पुष्टी नाही, म्हणून शिक्षाही नको.

न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी लिहिलेल्या निकालात या युक्तिवादाच्या मुळालाच हात घातला आहे. ते म्हणतात, मृत्युपूर्व जबाबाला पुष्टी हवीच असा कायद्याचा नियम कुठेही नाही. १९५३ चे ते वाक्य त्या खटल्याच्या निर्णयासाठी आवश्यकही नव्हते. कायदेमंडळाने अपवाद मुद्दाम केला आहे, मग न्यायालयाने त्या पुराव्याला जन्मतःच दुय्यम ठरवणे बरोबर नाही. तो इतर कोणत्याही पुराव्यासारखाच तपासायचा. तपासून तो खरा आणि विश्वासार्ह वाटला तर एकट्या त्यावर शिक्षा देता येते. तपासात खोट सापडली तर पुष्टीची गरज पडते, पण ती गरज त्या विशिष्ट जबाबातल्या उणिवेमुळे येते. पुराव्याच्या जातीमुळे नाही.

हा फरक कागदावर बारीक दिसतो, प्रत्यक्षात मोठा आहे. आधीच्या पद्धतीत न्यायाधीश विचारायचा, ‘दुसरे काही आहे का?’ आणि फरार होण्यासारखी पातळ गोष्ट हाती लागली की समाधान मानायचा. नव्या पद्धतीत त्याला जबाबाच्याच आत डोकावावे लागते. जखमीला हल्लेखोर दिसले असतील का, रात्र होती तर उजेड पुरेसा होता का? त्याची स्मरणशक्ती आणि समज तोवर शाबूत होती का? एकापेक्षा जास्त वेळा बोलला असेल तर बोलणे बदलले का? जबाब लवकरात लवकर झाला का, की मधल्या वेळात कोणी पढवायला जागा होती? आणि तो लिहिला कसा? सक्षम दंडाधिकाऱ्याने, प्रश्नोत्तर पद्धतीने, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहिलेला जबाब बराच वरचढ मानायचा. कोणीतरी आठवणीतून तोंडी सांगितलेला जबाब त्याच्या खाली, कारण माणसाची आठवण आणि स्वभाव या दोन्हींची भेसळ त्यात येते.

नागपूरच्या तीन जबाबांना ही फूटपट्टी लावली की त्यांची ताकद दिसते. पहिला डॉक्टरांचा, हल्ल्यानंतर जेमतेम अर्ध्या तासात, आणि तोही उपचाराच्या ओघात घेतलेला. टोळ्यांच्या भांडणात डॉक्टरांचे कोणाशी वाकडे असण्याचे कारण नव्हते. हा जबाब सगळ्यात त्रोटक आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा, कारण तो लिहिला गेला तेव्हा अजून खटला, कलम, आरोपी असे काही आकाराला आले नव्हते. दुसरा फौजदाराचा. पोलिसाने घेतलेला जबाब कायद्याने बाद होत नाही. तपासात पोलिसांनी घेतलेले जबाब पुरावा म्हणून वापरण्यावरची नेहमीची बंदी मृत्युपूर्व जबाबाला लागू नाही. पण तपास अधिकाऱ्यानेच तो घेण्याची पद्धत प्रोत्साहन द्यावी अशी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पुढे १९७५ च्या मुन्नू राजा खटल्यात स्पष्ट केले. इथे तो एकटा असता तर बचाव पक्षाने त्याच्या चिंधड्या केल्या असत्या. पुढे-मागे डॉक्टर आणि दंडाधिकारी असल्यामुळे तो टिकला. तिसरा दंडाधिकाऱ्यांचा, पद्धतशीर. तीन वेगवेगळ्या माणसांनी, तीन वेगवेगळ्या कामांसाठी, सव्वादोन तासांच्या आत लिहिलेल्या कागदांत हल्लेखोरांची नावे एकच. न्यायालयाला हे पुरेसे वाटले. खुशालचे अपील फेटाळले गेले.

मग तुकाराम?

जबाबात ‘तुकाराम’ हे नाव होते. पण त्या वस्तीत तुकाराम नावाचे चार जण राहत होते. शिवाय जबाबातला तुकाराम तेली म्हणून सांगितला होता, तर आरोपी म्हणून उभा केलेला तुकाराम कोल्ही होता, आणि वस्तीतल्या इतर तुकारामांपैकी काही तेली होते. सरकार पक्षाने हा गुंता पुराव्याने सोडवला नाही. उच्च न्यायालयाने तुकारामला संशयाचा फायदा दिला.

इथे नीट पाहिले तर न्यायालयाने जखमीला खोटा ठरवलेले नाही. तो खरेच बोलला असेल. तुकाराम नावाच्या कोणीतरी त्याला मारले असेलही. प्रश्न इतकाच की समोर उभा असलेला माणूस तोच का? साधा, जिवंत साक्षीदार असता तर हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला असता. वकिलाने विचारले असते, ‘कोणता तुकाराम? कोणाचा मुलगा? कुठे राहणारा? या चौघांपैकी दाखवा.’ साक्षीदाराने बोट दाखवले असते, किंवा गडबडला असता. दोन्ही बाजूंनी काहीतरी निकाल लागला असता. मृत माणसाचा कागद बोट दाखवू शकत नाही. उलटतपासणी नसणे म्हणजे नेमके काय गमावणे, हे सांगायला मला याहून स्वच्छ उदाहरण ठाऊक नाही. आपण सहसा समजतो की उलटतपासणी खोटारड्याला उघडे पाडण्यासाठी असते. खऱ्या माणसाच्या बोलण्यातली संदिग्धता दूर करण्यासाठीही ती तितकीच लागते, आणि मृत्युपूर्व जबाबात ही दुसरी उणीव जास्त वेळा नडते.

खुशालच्या वकिलांनी यातूनही वाट काढायचा प्रयत्न केला. तुकारामबद्दल जबाब चालला नाही, मग खुशालबद्दल कसा चालतो? न्यायालयाने हे मान्य केले नाही. तुकारामच्या बाबतीत जबाब खोटा ठरला असता तर त्याचा डाग सगळ्या जबाबावर पडला असता. इथे फक्त ओळख पटली नाही. खुशालच्या नावाबाबत असा घोळ नव्हता. म्हणून जबाबाचा एक भाग अपुरा ठरूनही दुसरा भाग पूर्ण वजनाने उभा राहिला.

या सगळ्यात एक जागा मला अजूनही बोचते. टोळीयुद्धात मरणारा माणूसही टोळीतलाच असतो. मरताना तो देवाला घाबरून खरे बोलेल, हे जितके शक्य आहे तितकेच हेही शक्य आहे की जाता जाता शत्रूचे आणखी एक नाव जोडून जाईल. वैर हा दुधारी पुरावा आहे: त्यातून हल्ल्याचा हेतूही दिसतो आणि गुंतवण्याचा हेतूही. तीन वेळा तेच सांगितले म्हणजे ते खरेच, असे होत नाही. ठरवून घेतलेले खोटेही तीन वेळा सारखेच सांगता येते. सातत्याची खरी किंमत वेगळी आहे. पढवलेले बोलणे सहसा वेळेबरोबर फुगते. पहिल्या जबाबात दोन नावे, नातेवाईक भेटून गेल्यावर पाच, मग सासरचे झाडून सगळे, असा प्रकार कोर्टांना चांगला परिचित आहे. नागपुरात साडेनऊला दोन नावे होती आणि साडेअकरालाही दोनच.

जबाब फुगण्याचा हा धोका पुढच्या दशकांत जळीत प्रकरणांत सर्वाधिक दिसला. विवाहिता गंभीर भाजलेली, रुग्णालयात आधी सासरचे लोक जवळ, मग माहेरचे. पहिल्या जबाबात स्टोव्हचा भडका, दुसऱ्यात नवऱ्याने रॉकेल ओतले. यातला खरा कोणता? पहिला दबावाखाली असू शकतो, दुसरा पढवलेला असू शकतो. न्यायालये नुसते ‘नंतरचा’ किंवा ‘दंडाधिकाऱ्यांचा’ म्हणून एक उचलत नाहीत. प्रत्येक जबाबाच्या वेळी खाटेजवळ कोण होते, वेदनाशामक इंजेक्शन कधी दिले, केसपेपरवर दाखल होताना भाजण्याचे कारण काय लिहिले आहे, हे पाहिले जाते. शेवटच्या गोष्टीकडे वकिलांनी विशेष लक्ष द्यावे. दाखल करतानाची ती एक ओळ अनेकदा दोन पानी जबाबाहून जास्त बोलते, नागपूरच्या डॉक्टरांच्या नोंदीसारखीच.

शुद्धीच्या प्रश्नावर मात्र खूप काळ गोंधळ होता. डॉक्टरने ‘रुग्ण शुद्धीवर आहे’ एवढेच लिहिले आणि ‘जबाब देण्यास मानसिकदृष्ट्या सक्षम आहे’ असे लिहिले नाही, तर जबाब बाद करावा का? १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन निकालांनी उलटसुलट उत्तरे दिली. मग २००२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर महाराष्ट्रातलाच ‘लक्ष्मण’ खटला आला. तिथे दंडाधिकाऱ्यांनी ड्यूटीवरच्या डॉक्टरांमार्फत रुग्ण महिलेची गाठ घेतली होती, ती बोलू शकते का हे कळावे म्हणून तिला आधी काही प्रश्न विचारले होते, आणि खात्री पटल्यावरच जबाब लिहिला होता. प्रमाणपत्रात मात्र ती शुद्धीवर आहे एवढेच होते. घटनापीठाने म्हटले, डॉक्टरचे प्रमाणपत्र ही सावधगिरीची रीत आहे, अट नाही. जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री झाली होती आणि त्याची साक्ष पटण्यासारखी असेल तर प्रमाणपत्रातल्या शब्दांवरून जबाब फेकता येत नाही.

या निकालानंतर काही ठिकाणी उलटा ताण आला. प्रमाणपत्र नसले तरी चालते, मग प्राथमिक प्रश्न विचारले नाहीत तरी चालेल, असा सैलपणा. पण लक्ष्मणमधला जबाब टिकला तो त्या प्राथमिक प्रश्नांमुळेच. नाव काय, कुठे आहात, काय झाले ते आठवते का, ही उत्तरे जबाबाच्या सुरुवातीला लिहिलेली असतील तर रुग्णाची समज कागदावरच दिसते, डॉक्टर कोर्टात येवो न येवो. आणि ‘तुमच्या नवऱ्याने पेटवले ना?’ असा प्रश्न असेल, खाली फक्त ‘होय’ असेल, तर समज शाबूत असूनही त्या ‘होय’ला फार अर्थ राहत नाही. ज्याच्या विधानाची उलटतपासणी कधीच होणार नाही त्याला उत्तर सुचवणारे प्रश्न विचारणे म्हणजे प्रश्नकर्त्याने स्वतःच जबाब देण्यासारखे आहे.

जखमी वाचला तर? मग हा कागद मृत्युपूर्व जबाब राहत नाही, कारण अपवादाचा पायाच निघून जातो. तो त्या माणसाचे आधीचे विधान ठरतो. स्वतंत्र पुरावा म्हणून नाही, तर त्याच्या साक्षीला दुजोरा द्यायला किंवा ती खोडून काढायला तेवढा तो वापरता येतो. त्या माणसाला पिंजऱ्यात यावे लागते, आणि हल्लेखोरांत तुकाराम असेल तर कोणता, हेही त्याला तिथेच सांगावे लागते.